r शून्य आला म्हणून संबंध संपत नाही

«r शून्य आला की विषय संपला, त्या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. r ०.९ च्या वर गेला की सरळ रेषेतला पक्का संबंध. ग्राफ काढत बसू नका, विचलनांचे तक्ते मांडू नका, शॉर्टकट सूत्रात बेरजा घाला, दोन मिनिटांत मार्क.»

कोल्हापुरातल्या क्लासच्या ग्रुपांतून फिरत फिरत हा मेसेज माझ्या भाच्यापर्यंत पोचला. यातला r म्हणजे सहसंबंध गुणांक, दोन गोष्टी बरोबरीने किती वाढतात-घटतात ते −१ ते +१ मध्ये सांगणारा आकडा. त्याने त्यावर विसंबून प्रकल्पात लिहिलं, «उसाला दिलेल्या पाण्याचा आणि टनेजचा संबंध नाही.» पोरगा शिरोळ तालुक्यातला. जादा पाण्याने क्षारपड झालेली रानं त्याच्या तालुक्यात आहेत, आणि तरी त्याने हे लिहिलं, कारण कॅल्क्युलेटरवर शून्य आला होता. म्हणून आधी या शून्याचंच बघू.

त्याच्या प्रकल्पासारखे, पण हाताने सोडवायला सोपे जावेत असे आकडे मी मांडतो. x म्हणजे हंगामात दिलेल्या पाण्याच्या पाळ्या, y म्हणजे एकरी टन. पाळ्यांची सरासरी २०, टनांची ४०. प्रत्येक आकड्यातून त्याची सरासरी वजा केली की विचलन मिळतं, आणि शेवटच्या स्तंभात दोन विचलनांचा गुणाकार येतो.

| x | y | x चं विचलन | y चं विचलन | गुणाकार |
|---|---|---|---|---|
| १० | ३० | −१० | −१० | +१०० |
| १५ | ४५ | −५ | +५ | −२५ |
| २० | ५० | ० | +१० | ० |
| २५ | ४५ | +५ | +५ | +२५ |
| ३० | ३० | +१० | −१० | −१०० |

कार्ल पिअर्सनच्या सूत्रात अंशस्थानी या शेवटच्या स्तंभाची बेरीज असते. छेदात x च्या विचलनांच्या वर्गांची बेरीज आणि y च्या विचलनांच्या वर्गांची बेरीज यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ असतं. इथे त्या बेरजा २५० आणि ३५०. अंश मात्र शून्य, म्हणून r शून्य.

पण तो शून्य कसा आला ते शेवटच्या स्तंभात बघा. गुणाकार लहान लहान आहेत म्हणून तो आलेला नाही. +१०० ला −१०० ने खाल्लं, −२५ ला +२५ ने. कमी पाण्याकडून मधल्याकडे जाताना टनेज चढलं, मधल्याकडून जास्तीकडे जाताना तेवढंच उतरलं, आणि r ला फक्त दोन्हींची वजाबाकी कळली. पहिल्या तीनच ओळी घेऊन, त्यांच्या नव्या सरासऱ्यांवर r काढा: ०.९६ येतो. शेवटच्या तीन ओळींचा −०.९६. ग्राफवर हे पाच बिंदू उपड्या कढईसारखे दिसतात, आणि पाळ्या सांगितल्या की टन अगदी नेमके सांगता येतात. याहून घट्ट संबंध कुठला असणार? r सरळ रेषेतला कल मोजतो. आधी चढून मग उतरणारा संबंध त्याच्या हाती लागत नाही.

आता शॉर्टकट सूत्र. तेही बरोबरच आहे, उत्तर तेच देतं. त्याचा अंश म्हणजे नोंदींची संख्या गुणिले xy ची बेरीज, वजा x ची बेरीज गुणिले y ची बेरीज. इथे तो ५ × ४००० − १०० × २००, म्हणजे २०,००० वजा २०,०००. झालं शून्य. चढ कुठे, उतार कुठे, कुठल्या ओळीने कुणाला रद्द केलं, यातलं काहीच दिसत नाही. ज्या तक्त्याला मेसेज वेळखाऊ म्हणतो, तोच तक्ता पोराला सांगत होता की थांब, इथे काहीतरी आहे.

मेसेजातलं दुसरं वाक्य याच्या उलट्या बाजूने फसवतं. गल्लीतली पाच घरं घ्या, घरातली माणसं आणि गोठ्यातल्या म्हशी मोजा: (१, १), (१, ३), (३, १), (३, ३) आणि एक मोठं एकत्र कुटुंब (१२, १२). हेही आकडे हिशोबापुरते. दोन्ही सरासऱ्या ४. गुणाकारांचा स्तंभ ९, ३, ३, १, ६४, त्याची बेरीज ८०. वर्गांची बेरीज दोन्हीकडे ८४, म्हणून r = ८०/८४, म्हणजे सुमारे ०.९५. मेसेजच्या हिशोबाने पक्का संबंध! पण ८० पैकी ६४ एकट्या मोठ्या घराचे आहेत. ते घर वगळलं की उरलेली चार घरं चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर बसतात आणि r थेट शून्यावर येतो. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर फक्त ०.९५ दिसतं. तक्त्यात ६४ लगेच डोळ्यात भरतो.

हे माझ्या मनाचं नाही. फ्रान्सिस अॅन्स्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली अकरा-अकरा बिंदूंचे चार संच छापले. चारही संचांत x ची सरासरी ९, y ची ७.५, आणि r सुमारे ०.८१६. ग्राफ काढला की एकात साधारण सरळ कल असलेला विखुरलेला ढग, दुसऱ्यात स्वच्छ वक्ररेषा, तिसऱ्यात अगदी सरळ रेषा आणि तिच्यापासून फटकून पडलेला एक बिंदू. चौथ्या संचात दहा बिंदूंचा x ८ आणि एकाचाच १९. तो एक काढला तर x च्या सगळ्या विचलनांचं शून्य होतं, छेद शून्य होतो, आणि r काढताच येत नाही. म्हणजे त्या संचातला सगळा r एका बिंदूच्या जिवावर उभा आहे. «ग्राफ काढत बसू नका» म्हणणाऱ्याने हे चार ग्राफ एकदा तरी काढून बघावेत.

मेसेजात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. बिंदूंचा ढग लंबगोल असेल, म्हणजे दोन्ही चलं मिळून द्विचल प्रसामान्य वितरणात बसत असतील, तर r शून्य म्हणजे खरोखरच संबंध नाही. आणि दोन गोष्टींचा खरंच संबंध नसेल तर पुरेशा नोंदी घेतल्यावर r शून्याजवळच येतो. पण ढग लंबगोल आहे की नाही हे r सांगत नाही, ते ग्राफवरच बघावं लागतं.

त्याच ग्रुपवर खाली कुणीतरी जोडलं होतं की एकराचे गुंठे केले की r बदलतो. बदलत नाही. स्तंभातल्या सगळ्या आकड्यांना एकाच धन संख्येने गुणलं की अंश आणि छेद सारख्याच पटीने बदलतात.

भाच्याला ते वाक्य खोडायला लावलं आणि ग्राफ काढून घेतला. पाच बिंदूंची कमान दिसल्यावर मग नवा स्तंभ मांडला: प्रत्येक पाळीसंख्या २० पासून किती दूर, त्याचा वर्ग. १००, २५, ०, २५, १००. या स्तंभाची सरासरी ५०, विचलनं +५०, −२५, −५०, −२५, +५०. टनांच्या विचलनांशेजारी ती ठेवली तर प्रत्येक ओळीत टनांच्या विचलनाची बरोबर −५ पट दिसते. या स्तंभाचा टनेजशी r −१ येतो.