दादर रूटला का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

«मॅडम, ऑप्टिमल बायनरी सर्च ट्रीसाठी एवढं मोठं टेबल भरायची गरजच काय? ज्या नावाची फ्रिक्वेन्सी सगळ्यात जास्त ते रूटला ठेवा, डावी-उजवीकडे तेच करत जा, झालं. हफमनमध्ये ग्रीडी चालतं, मग इथे का नाही? शिवाय तुम्ही प्रत्येक पायरीला फ्रिक्वेन्सींची बेरीज परत मिळवता, म्हणजे एकच गोष्ट दोन-तीनदा मोजता. आणि n³ प्रत्यक्षात कोण चालवणार? आमच्या ऑफिसच्या लॉगवर मी माझी पद्धत लावली, ती तुमच्या झाडापेक्षा सरस ठरली.»

नमस्कार. तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी दोन दिवस थांबले, कारण ते खरं असू शकतं आणि तसं असेल तर माझ्या लेखात एक गोष्ट राहून गेली आहे. तिकडे येतेच, पण त्याआधी ग्रीडीचं, म्हणजे दर पायरीला त्या क्षणी सगळ्यात चांगलं दिसेल ते उचलण्याचं, बघू. आपल्याला असं झाड हवंय ज्यात प्रत्येक नावाच्या डावीकडे वर्णक्रमाने आधीची आणि उजवीकडे नंतरची नावं असतात, आणि सगळ्या शोधांना मिळून कमीत कमी तुलना लागतात.

मध्य रेल्वेची पाच स्टेशनं घ्या, वर्णक्रमाने: दादर, परळ, भायखळा, माटुंगा, शीव. शंभर चौकश्यांत त्यांची नावं अनुक्रमे ३०, २५, २०, १५ आणि १० वेळा येतात असं धरू. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेले आहेत, रेल्वेचे नाहीत. परवा जेवणानंतर मी या पाच नावांच्या चिठ्ठ्या केल्या आणि टेबलावर तुमच्या पद्धतीने मांडत गेले. दादर वर. त्याच्या डावीकडे काहीच नाही, कारण वर्णक्रमात त्याच्या आधी यादीतलं एकही नाव नाही. उरलेल्या चारांत परळ सगळ्यात जड, त्याच्याही डावीकडे काही नाही. मग भायखळा, मग माटुंगा, मग शीव. चिठ्ठ्या एकाखाली एक उजवीकडे घसरत टेबलाच्या कडेला पोचल्या. झाड झालंच नाही, नुसती साखळी झाली. तुलना मोजा: ३० + ५० + ६० + ६० + ५० = २५०.

आता परळ वर ठेवा, डावीकडे दादर, उजवीकडे माटुंगा, आणि माटुंग्याखाली भायखळा व शीव. परळच्या २५ चौकश्यांना प्रत्येकी एक तुलना, दादरच्या ३० ना दोन म्हणजे ६०, माटुंग्याच्या १५ ना दोन म्हणजे ३०, भायखळ्याच्या २० ना तीन म्हणजे ६० आणि शीवच्या १० ना तीन म्हणजे ३०. एकूण २०५. पाच नावांची वेगवेगळी ४२ झाडं होतात आणि त्यांतलं एकही याहून स्वस्त नाही. बरोबर मधलं नाव, भायखळा, रूटला ठेवलं तर खालची मांडणी कितीही चांगली केली तरी २१५ च्या खाली जाता येत नाही. म्हणजे रूट सगळ्यात जड नावही नाही आणि मधलं नावही नाही.

या झाडात मला स्वतःला आवडते ती जागा म्हणजे उजवी बाजू. तिथे १५ वाला माटुंगा २० वाल्या भायखळ्याच्या वर बसलाय. भायखळा वर घेतला तर माटुंगा आणि शीव एकाखाली एक जातात आणि त्या तिघांचा हिशोब ७५ वरून ८० वर जातो. जड नाव वर घेतल्याने त्याची एक पायरी वाचते, पण ते नाव क्रमाच्या टोकाला असेल तर बाकीच्या सगळ्यांना एकाच बाजूला ढकलतं. ग्रीडीला फक्त वजन दिसतं, क्रमातली जागा दिसत नाही.

हफमनचा प्रश्न याच जागी सुटतो. तिथे अक्षरांचा क्रम पाळायचा नसतो, त्यामुळे यादीत कुठेही असलेली सर्वात हलकी दोन अक्षरं उचलून जोडता येतात. इथे दादर परळच्या डावीकडेच हवा, नाहीतर ‘डावीकडे जाऊ की उजवीकडे’ हा शोधाचा प्रश्नच निरर्थक होतो. म्हणून प्रत्येक सबट्रीमध्ये सलग नावांचा एक तुकडा येतो. हीच अट डायनॅमिक प्रोग्रॅमिंगला, म्हणजे लहान तुकड्यांची उत्तरं टेबलात ठेवून मोठ्याचं उत्तर काढण्याला, उपयोगी पडते: n नावांचे सलग तुकडे साधारण n²/२ च असतात, आणि एखाद्या तुकड्याचं उत्तम झाड त्याच्या वर काय आहे यावर अवलंबून नसतं.

आता बेरजेबद्दल. तुम्ही म्हणता तशी ती खरंच अनेकदा मिळवली जाते, आणि तशी ती मिळवायलाच हवी. सूत्र असं:

```
e(i,j) = w(i,j) + min over r of ( e(i,r-1) + e(r+1,j) )
```

यात `e(i,j)` म्हणजे `i` ते `j` या सलग नावांच्या उत्तम झाडाचा खर्च, `r` म्हणजे त्यातला रूट आणि `w(i,j)` म्हणजे त्या तुकड्यातल्या सगळ्या फ्रिक्वेन्सींची बेरीज. शीवचे १० कुठे कुठे मोजले गेले ते बोट ठेवून बघा. पूर्ण पाचांच्या बेरजेत एकदा, भायखळा ते शीव या तुकड्याच्या बेरजेत एकदा आणि एकट्या शीवच्या तुकड्यात एकदा. तीनदा. शीव तिसऱ्या पातळीवर आहे, म्हणजे ते शोधायला तीन तुलना लागतात. एखादा तुकडा नव्या रूटखाली गेला की त्यातलं प्रत्येक नाव एक पायरी खाली जातं आणि `w` तेवढंच नोंदवतं. वर्गात मुलं इथे हमखास एक चूक करतात: `w` ऐवजी फक्त रूटची फ्रिक्वेन्सी मिळवतात. प्रोग्रॅम चालतो, कुठलीही एरर येत नाही. पण उत्तर दरवेळी एकूण फ्रिक्वेन्सीइतकंच येतं, आपल्या उदाहरणात १००, कारण मग सगळीच झाडं एकाच किमतीची ठरतात. उत्तर बरोबर एकूण बेरजेएवढं आलं की आधी हीच ओळ तपासायची.

वरच्या सूत्राने टेबल भरलं की शेवटच्या खान्यात पाच पर्याय उरतात. रूट दादर धरला तर खालच्यांचा खर्च १३०, परळ धरला तर ३० + ७५ = १०५, भायखळा ८० + ३५ = ११५, माटुंगा १२५ + १० = १३५ आणि शीव १७०. सर्वांत कमी १०५, त्यात १०० मिळवून २०५.

n नावांना n³ च्या प्रमाणात काम लागतं, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे, आणि मूळ लेखात मी तिला पुरेशी जागा दिली नव्हती. गिल्बर्ट आणि मूर यांची १९५९ ची पद्धत n³ चीच होती. १९७१ मध्ये डोनाल्ड कनूथ यांनी दाखवलं की सगळे रूट तपासायची गरज नसते. तुकड्याच्या उजव्या टोकाला एक नाव वाढवलं तर उत्तम रूट डावीकडे सरकवावा लागत नाही, आणि डाव्या टोकाचं एक नाव काढलं तरी तसंच. त्यामुळे प्रत्येक तुकड्याचा उत्तम रूट `R` मध्ये ठेवत गेलं, तर `i` ते `j` चा रूट `R[i][j-1]` आणि `R[i+1][j]` यांच्या दरम्यानच शोधला तरी पुरतं. आपल्या टेबलात दादर ते माटुंगा या चौघांचा रूट परळ येतो, परळ ते शीव या चौघांचा भायखळा. म्हणून पाचांसाठी परळ आणि भायखळा हे दोनच पर्याय तपासायचे, बाकीचे तीन सोडून द्यायचे. एका लांबीच्या सगळ्या तुकड्यांसाठी हे पल्ले एकाला एक जोडून येतात, एकाचा शेवट ती पुढच्याची सुरुवात. त्यामुळे त्यांची एकूण लांबी २n च्या आतच राहते आणि सगळं काम n² मध्ये आटपतं.

```python
def obst(f):
    n, s = len(f), [0]
    for x in f:
        s.append(s[-1] + x)
    e = [[0] * (n + 1) for _ in range(n + 1)]
    R = [[0] * (n + 1) for _ in range(n + 1)]
    for L in range(1, n + 1):
        for i in range(n - L + 1):
            j = i + L
            lo, hi = (R[i][j-1], R[i+1][j]) if L > 1 else (i, i)
            c, r = min((e[i][k] + e[k+1][j], k)
                       for k in range(lo, hi + 1))
            e[i][j], R[i][j] = c + s[j] - s[i], r
    return e[0][n], R
```

यात तुकडा `i` पासून `j` च्या आधीपर्यंतचा आहे आणि मोजणी शून्यापासून. `obst([30, 25, 20, 15, 10])` चालवलंत की पहिलं उत्तर २०५ येईल. दहा हजार नावांना n³ च्या पद्धतीत सुमारे १६,७०० कोटी पर्याय तपासावे लागतात, कनूथच्या पद्धतीत १५ कोटींच्या आत भागतं. पुढची अडचण वेळेपेक्षा मेमरीची असते, कारण टेबलाचा अर्धा भागच ५ कोटी खान्यांचा होतो. लाखभर नावं असतील तर मी हे टेबल भरायला जाणार नाही. तिथे तुमचीच पद्धत थोडी बदलून वापरता येते: सगळ्यात जड नाव रूटला घेण्याऐवजी ज्याच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा शक्य तितक्या सारख्या होतात ते नाव घ्यायचं. अशी झाडं उत्तम झाडाच्या जवळच राहतात, हे कुर्ट मेलहॉर्न यांनी १९७५ मध्ये दाखवलं. आपल्या पाच नावांत हा नियम परळच निवडतो, डावीकडे ३० आणि उजवीकडे ४५, आणि योगायोगाने पूर्ण २०५ पर्यंत पोचतो. हमी मात्र जवळ राहण्याचीच आहे.

आता तुमचा लॉग. माझ्या लेखात प्रत्येक शोध यशस्वी होतो असं गृहीत होतं. खऱ्या लॉगमध्ये तसं नसतं. लोक कुर्ला, घाटकोपर, ठाणे असंही विचारतात, जे या पाचांच्या यादीत नाही. ही तिन्ही नावं वर्णक्रमात दादरच्या आधी येतात, म्हणजे असा प्रत्येक शोध दादरच्या डावीकडच्या रिकाम्या फटीत जाऊन संपतो. परळ रूट असलेल्या झाडात तिथे पोचायला परळ आणि दादर अशा दोन तुलना लागतात, दादर रूट असेल तर एकच.

असे ४० निष्फळ शोध धरा. परळवालं झाड २०५ + ८० = २८५ वर गेलं. दादर रूटला ठेवून खाली उरलेल्या चारांचं उत्तम झाड लावलं, म्हणजे भायखळा, त्याच्या डावीकडे परळ, उजवीकडे माटुंगा आणि माटुंग्याखाली शीव, तर २३० + ४० = २७०. दादर जिंकला. हिशोब सरळ आहे: निष्फळ शोध q असतील तर २०५ + २q आणि २३० + q यांची तुलना करायची. q २५ च्या पुढे गेला की रूट बदलतो. तुम्हाला ऑफिसात नेमकं हेच दिसलं असण्याची शक्यता मला खूप वाटते. तसं असेल तर तुमचं जड नाव रूटला शोभलं ते त्याच्या शेजारच्या फटीत गर्दी होती म्हणून. मात्र त्याच आकड्यांवर तुमची पूर्ण साखळी २५० + ४० = २९० ला पडते, म्हणजे रूटखाली ग्रीडी इथेही हरतंच.

दुरुस्ती छोटी आहे. लॉगमधले न सापडलेले शोध वेगळे काढा आणि प्रत्येक जण कोणत्या दोन नावांच्या मधल्या फटीत पडतो ते मोजा. पहिल्या नावाच्या आधीची आणि शेवटच्या नावानंतरची फट विसरू नका, n नावांना n + १ फटी असतात. मग `w` मध्ये तुकड्यातल्या नावांबरोबर त्याच्या आतल्या आणि दोन्ही टोकांच्या फटीही मिळवा. रिकाम्या तुकड्याची किंमत शून्यच ठेवा. बाकी कोड जसाच्या तसा चालतो, आणि कनूथची मर्यादाही लागू राहते, कारण त्यांनी १९७१ मध्ये या फटी धरूनच ती सिद्ध केली होती. मूळ लेखातलं कोड मी आज रात्री याप्रमाणे बदलते आहे. तुमच्या लॉगमधून फटींचे आकडे निघाले तर इथेच टाका. नावं नकोत, क्रमाने नुसते आकडे पुरतील.