कागदावर नफा, खात्यात खडखडाट: फिफोबद्दलच्या रिव्ह्यूला आमच्या ऑफिसचं उत्तर

★★ "अंबडला वाइंडिंग वायरचा होलसेल धंदा आहे. यांनी फिफो लावून नफा फुगवला. टॅक्स भरायला खात्यात पैसा नाही. माझा मावसभाऊ सिन्नरला हाच धंदा करतो, त्याचा अकाउंटंट सरासरी भावाने स्टॉक धरतो, त्याचा नफा जवळपास निम्मा दिसतो. आमचंही सरासरीने करा म्हटलं तर चक्क नकार. गोदामात तर वरचा नवा मालच आधी जातो! गिऱ्हाइकाचं न ऐकणारे लोक."

नमस्कार शेठ,

तुमचे खरे आकडे इथे चारचौघांत मांडणार नाही. गणित कळण्यापुरता एक छोटा, काल्पनिक दुकानदार घेतो. त्याचा धंदाही तांब्याच्या वायरचाच.

1 एप्रिलला त्याच्याकडे 1,000 किलो माल आहे, 800 रुपये किलोने घेतलेला. वर्षभरात त्याने तीन वेळा हजार-हजार किलो घेतला: 850 ने, मग 930 ने आणि शेवटचा फेब्रुवारीत 1,020 ने. म्हणजे एकूण 4,000 किलो, किंमत 36 लाख. त्यातला 2,800 किलो विकला, सरासरी 950 रुपयांनी. विक्री झाली 26,60,000. 31 मार्चला गोदामात 1,200 किलो उरला. इथवर दोन्ही पद्धतींत एका पैशाचा फरक नाही. सगळा प्रश्न या उरलेल्या 1,200 किलोला काय भाव लावायचा एवढाच आहे.

फिफो म्हणतं, आधी आलेला माल आधी गेला असं धरा. मग उरला तो शेवटचा माल: 1,000 किलो 1,020 ने आणि 200 किलो 930 ने. शिल्लक स्टॉक 12,06,000. विकलेल्या मालाची किंमत 23,94,000 आणि ढोबळ नफा 2,66,000, म्हणजे विक्रीच्या बरोबर 10 टक्के.

भारित सरासरी म्हणते, 36 लाखांना 4,000 किलोने भागा, प्रत्येक किलो 900 रुपयांचा. (चारही लॉट सारख्या वजनाचे आहेत म्हणून साधी सरासरीही तेवढीच आली. एखादा लॉट 2,000 किलोचा असता तर त्याच्या भावाकडे सरासरी जास्त झुकली असती.) शिल्लक स्टॉक 10,80,000, विकलेल्या मालाची किंमत 25,20,000, नफा 1,40,000.

माल तोच, बिलं तीच, आणि नफ्यात 1,26,000 चा फरक. तुमच्या मावसभावाचा नफा जवळपास निम्मा का दिसतो, ते यावरून कळेल. भाव चढत असताना फिफो जुना स्वस्त माल विक्रीसमोर धरतं आणि नवा महाग माल ताळेबंदात ठेवतं. सरासरीत महाग मालाचा काही भार विक्रीवरही पडतो. तुमच्या धंद्यात हे जास्त ठळक दिसतं. दिंडोरी-निफाडकडच्या विहिरींवरच्या मोटारी उन्हाळ्यात जळायला लागतात आणि रिवाइंडिंगवाले तुमच्याकडे धाव घेतात. त्यासाठी तुम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये गोदाम भरता. वर्षअखेरीला नेमका सर्वात जास्त आणि सर्वात महाग माल शिल्लक असतो. महिन्याला स्टॉक फिरवून मार्चअखेर गोदाम जवळजवळ रिकामं करणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही, कारण भाव लावायला स्टॉकच थोडा उरतो.

आता खात्यातल्या पैशाकडे येतो, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. या दुकानदाराने वर्षात माल घेतला 28,00,000 चा आणि विकला 26,60,000 चा. सगळा व्यवहार रोख धरला तरी भाडं, हमाली, पगार देण्याआधीच खात्यातून 1,40,000 गेले. हा खड्डा फिफोनेही 1,40,000 आणि सरासरीनेही 1,40,000 च आहे. पैसा गेला कुठे? फिफोच्या हिशोबाने स्टॉक 8,00,000 वरून 12,06,000 वर गेला, 4,06,000 ने वाढला. त्यातले 1,86,000 हे 200 किलो जास्त माल भरल्याचे. उरलेले 2,20,000 मात्र एकही किलो न वाढता गेले आहेत. पूर्वी हजार किलो 800 ने भरलेला होता, आता तोच हजार किलो 1,020 चा आहे. नफा झाला खरा, पण तो गोदामात कॉइलच्या रूपाने बसला आहे. त्यावरचा टॅक्स मात्र रोखीत द्यावा लागतो. तुम्हाला टोचलं ते हेच, आणि ते टोचणं चुकीचं नाही. पण स्टॉकला सरासरी भाव लावून त्या कॉइलचे पैसे होत नाहीत.

सरासरीने टॅक्स कमी झाला असता हे खरं. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाला 1,26,000 वर सेससकट 39,312 रुपये कमी पडले असते. पण ते वाचले नसते, पुढे गेले असते. या वर्षाचा शिल्लक स्टॉक हाच पुढच्या वर्षाचा सुरुवातीचा स्टॉक. समजा पुढचं वर्षभर भाव 1,020 वरच थांबला, 2,800 किलो घेतला आणि 2,800 विकला. फिफोत विकलेल्या मालाची किंमत येते 28,38,000. सरासरीत 10,80,000 चा जुना स्टॉक आणि 28,56,000 ची खरेदी मिळून भाव 984 पडतो, आणि विकलेल्या मालाची किंमत 27,55,200. म्हणजे त्या वर्षी सरासरीवाल्याचा नफा 82,800 ने जास्त! 1,26,000 मधले 82,800 भाव नुसता थांबल्याबरोबर परत आले. भाव चढतच राहिला तर ते पुढे ढकललं जातं, आणि उतरला तर आणखी लवकर अंगावर येतं. मावसभावाला त्या वर्षी विचारा, तोही असाच एक रिव्ह्यू लिहायच्या बेतात असेल.

आणखी एक. सिन्नरची सरासरी कोणती तेही पाहायला हवं. वर मी वर्षअखेरची एकच सरासरी काढली. काही जण प्रत्येक खरेदीनंतर नवी सरासरी काढतात, म्हणजे चलत सरासरी. चढत्या भावात तिचा नफा फिफो आणि वार्षिक सरासरी यांच्या मधे कुठेतरी येतो. त्यामुळे त्याचा आकडा आणि तुमचा आकडा शेजारी ठेवून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. त्याचा मार्चअखेरचा स्टॉक किती, हे तर आपल्याला माहीतही नाही.

गोदामात वरची कॉइल आधी उचलली जाते, मान्य. पण फिफो हे हमालाने कुठून माल काढला याचं वर्णन नाही, किंमत कोणत्या क्रमाने खर्ची टाकायची याचं गृहीतक आहे. नवा माल आधी गेला असं धरणारी लिफो नावाची पद्धत अमेरिकेत आजही चालते. आपल्याकडे मात्र लेखा मानदंड 2 आणि आयकरासाठी स्टॉकची किंमत धरण्याचा मानदंड आयसीडीएस 2 या दोन्हींत एकमेकांच्या जागी चालणाऱ्या अशा मालाला फिफो किंवा भारित सरासरी एवढेच मार्ग आहेत. Tally च्या यादीत LIFO दिसतं म्हणून ते रिटर्नला चालतं असं नाही.

आता नकाराबद्दल. टॅक्स ऑडिट लागणाऱ्या धंद्याला आयसीडीएस 2 लागू होतो, आणि एकदा धरलेली पद्धत वाजवी कारणाशिवाय बदलता येत नाही असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. "यंदा टॅक्स जास्त येतोय" हे वाजवी कारण नाही. तुमचा धंदा आमच्याकडे आला तेव्हा फिफोवरच चालत होता. मार्च उलटल्यावर, नफ्याचा आकडा पाहून सरासरीवर उडी मारली असती तर सुरुवातीचा स्टॉक फिफोच्या भावाने आणि शेवटचा सरासरीच्या भावाने असा बसला असता, आणि बदलाचा सगळा परिणाम एकाच वर्षाच्या नफ्यावर पडला असता. शिवाय बदल केला हे आणि त्याचा परिणाम किती रुपयांचा, हे दोन्ही उघड लिहावं लागतं. ते वाचून कोणीही पहिला प्रश्न काय विचारेल हे तुम्हीच सांगा.

शिवाय बँक आहे. सीसी लिमिटसाठी तुम्ही दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देता. वरच्या उदाहरणात 25 टक्के मार्जिन धरलं तर सरासरीने ड्रॉइंग पॉवर, म्हणजे स्टॉकच्या जोरावर बँकेतून उचलता येणारी रक्कम, 94,500 ने कमी झाली असती, आणि तीही नेमकी उन्हाळ्यात, माल भरायला पैसा लागतो तेव्हा. आयकराला 900 चा स्टॉक आणि बँकेला 1,020 चा, असं दोन तोंडांनी बोलता येत नाही. बँकवाले ताळेबंद आणि मार्चचं स्टेटमेंट शेजारी ठेवून पाहतात.

माझ्या मते तुमची गळती पद्धतीत नाही, भाव सांगण्यात आहे. खरेदीच्या बिलावर ठरलेले टक्के चढवून तुम्ही कोटेशन देता. भाव स्थिर असताना ते ठीक. पण उदाहरणातल्या दुकानदाराने वर्षअखेरीला 930 चा म्हणून धरलेला माल विकला, तेव्हा तो परत भरायचा भाव 1,020 झालेला होता. 1,000 ने विकून त्याला वाटलं किलोमागे 70 सुटले. खरं तर तेवढाच माल परत घ्यायला खिशातले 20 घालावे लागले. फिफोचा 10 टक्के मार्जिन पाहून हे कळत नाही, हा फिफोचा दोष आहे आणि तो मी झाकणार नाही. सरासरीतही ते पुरतं कळत नाही, फक्त आकडा थोडा कमी गोड दिसतो.

यावर उपाय साधा आहे. वह्या फिफोवरच राहू द्या. त्यासोबत महिन्याला एक वेगळा कागद करू: त्या महिन्यात विकलेले किलो, त्या दिवसांचा बाजारातला खरेदीभाव, आणि त्या भावाने उरलेला नफा. घरखर्चाला किती काढायचे आणि गिऱ्हाइकाला काय भाव सांगायचा, ते या कागदावरून ठरवा. अॅडव्हान्स टॅक्स मात्र फिफोच्या नफ्यावरच भरायचा आहे, त्यामुळे सप्टेंबर आणि डिसेंबरच्या हप्त्याआधी शिल्लक स्टॉकचे किलो आम्हाला कळवत जा.

आणि सरासरीकडे खरंच जायचं असेल तर दार बंद नाही. वेगवेगळ्या लॉटच्या कॉइल एकत्र होतात, बिलाप्रमाणे लॉट ओळखता येत नाही, अशी स्थिती असेल तर ते कारण विचारात घेण्यासारखं आहे. ते पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच, नफ्याचा आकडा दिसण्याआधी लेखी ठेवू, तुमच्या ऑडिटरचं मत घेऊ, आणि मग भाव पडलेल्या वर्षीही तीच पद्धत ठेवू. येताना मार्चअखेरचं मोजणीपत्रक आणि जानेवारीपासूनची खरेदीची बिलं घेऊन या. शनिवारी दुपारी ऑफिसात गर्दी कमी असते.