पर्यावरणाच्या पेपरची चौदा दिवसांची अचूक तयारी

नेट म्हणा, सेट म्हणा, पेपर दोनला युनिट दहा आणि प्रश्न शंभर, आणि तुमच्याकडे उरलेत दोन आठवडे. अजिबात घाबरू नका. पहिला दिवस टाइमटेबललाच द्या, दहा युनिटला दहा रंगांचे हायलायटर आणा, भिंतीवर चिकटवा, फोटो काढून स्टेटसला टाका. दमलात ना, झोपा आता.

दुसऱ्या दिवसापासून इकोसिस्टिम. अन्नसाखळी, ऊर्जेचा पिरॅमिड, दहा टक्क्यांचा नियम, हे सगळं तुम्हाला एफवायपासून येतंय आणि म्हणूनच ते परत वाचायचं, काय मस्त वाटतं वाचताना, सगळं येतंय की! असे पाच दिवस आरामात जातात. स्टॅटिस्टिक्स आणि मॉडेलिंगचं युनिट मात्र शेवटच्या रात्री, कारण ते येत नाही आणि न येणाऱ्या गोष्टीवर वेळ कोण घालवतं.

कायदे पाठ करताना नुसते आकडे घोका: वन्यजीव 1972, पाणी 1974, हवा 1981, पर्यावरण 1986. डिसेंबर 1984 ला भोपाळ झालं आणि त्यानंतर 1986 चा कायदा आला असलं काही जोडत बसू नका, एकदा जोडलं की ते डोक्यातून जात नाही, मग रोज रिव्हिजन कशाची करणार? जोड्या लावा आलं की 74 आणि 81 ची अदलाबदल करायची मजाच निघून जाते.

आता जुने पेपर. ते लोणच्यासारखे मुरू द्या, तेराव्या दिवशी उघडा, आणि घड्याळ न लावता आन्सर की शेजारी ठेवूनच सोडवा. समजा बीओडीचं गणित आलं. 300 मिलीची बाटली, त्यात 6 मिली सांडपाणी, बाकी डायल्यूशनचं पाणी, डीओ सुरुवातीला 8.5 आणि 20 अंशाला पाच दिवस ठेवल्यावर 4.5. की मध्ये उत्तर 200. तुम्ही मान डोलवायची, हो हो, 200च, येतंय मला. फरक तर 4 चाच आहे, मग त्याला 300 भागिले 6 म्हणजे 50 ने का गुणलं हे विचारायचं नाही, वहीत करून तर बिलकूल बघायचं नाही. पेपर काढणारा कधीतरी 6 चे 15 मिली करेल, उत्तर 80 येईल, आणि पर्यायांमध्ये 4 पण असेल आणि तुमचं लाडकं 200 पण असेल.

चुकलेल्या प्रश्नापुढे 'माहीत नव्हतं', 'फॉर्म्युला विसरलो', 'घाईत वाचलं' असं लिहून ठेवणारी काही पोरं असतात, त्यांना कामधंदे नसतात. तुम्ही फक्त मार्क मोजा, तेही 'हे येतच होतं रे' म्हणत सात-आठ वाढवून.

आणि हो, या पेपरला निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी येत नसलेले प्रश्न कोरेच सोडून या. तुक्का मारणं आपल्या तत्त्वात बसत नाही.