ॲक्च्युअली-बेसिकली काढल्यावर बोलणं ताठ का होतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

> तुमचा लेख वाचून मी ठरवूनच उभा राहिलो की आजच्या प्रेझेंटेशनमध्ये ॲक्च्युअली आणि बेसिकली एकदाही म्हणायचं नाही. ॲक्च्युअली आलं की "वस्तुतः", बेसिकली आलं की "मूलतः". नंतर मॅनेजर म्हणाल्या, आज बातम्या दिल्यासारखा का बोलत होतास? सल्ला कागदावर ठीक आहे हो, पण माणसं अशी बोलत नाहीत. आणि समोरच्याला या दोन शब्दांनी खरंच काय फरक पडतो?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो एकदम रास्त आहे. दहा मिनिटांच्या बोलण्यात चार-पाच वेळा आले तर काहीच फरक पडत नाही, ऐकणारा ते शब्द आपोआप गाळून ऐकतो, आपण सगळेच तसं ऐकतो. त्रास सुरू होतो तो ते एकाच जागी, एकाच सुरात यायला लागले की, म्हणजे प्रत्येक वाक्य "तर बेसिकली" ने उघडलं की लोकांच्या कानाला ती चाल लागते आणि मग विषय बाजूला राहून ते पुढच्या बेसिकलीची वाट बघत बसतात. आणि माझ्या मते याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. ॲक्च्युअली हा कामाचा शब्द आहे, "तुम्हाला वाटत होतं तसं नाहीये" ही खूण तो ऐकणाऱ्याला देतो. तीच खूण तुम्ही वीस ठिकाणी उगाच दिलीत, तर एकविसाव्या ठिकाणी जेव्हा खरंच लोकांचा समज मोडायचा असतो तेव्हा हातात काही उरत नाही. म्हणून मी या शब्दांच्या मागे लागलोय, भाषा शुद्ध-अशुद्ध हा माझा मुद्दाच नाही.

आता वस्तुतः आणि मूलतः. हे शब्द लिहिताना ठीक आहेत, पण मीटिंगमध्ये कोणी तोंडाने म्हणत नाही, त्यामुळे ते आले की कान टवकारणारच. पण समजा त्याऐवजी "खरं तर" आणि "मुळात" घेतले असते, जे आपण बोलताना सर्रास वापरतो, तरी गाडं तिथेच अडलं असतं, कारण एका शब्दाच्या जागी दुसरा बसवला की जागा तशीच राहते. प्रश्न त्या जागेचा आहे. तिथे तो शब्द कशासाठी आला होता हे बघायला लागतं, आणि दर वेळी उत्तर वेगळं निघतं.

उदाहरण घेतो. समजा कोणीतरी टीमसमोर असं बोललं, आणि असं आपण रोज ऐकतो:

"तर ॲक्च्युअली आपण सर्व्हर बदलला, कारण बेसिकली कस्टमरची तक्रार होती की रिपोर्ट उघडायला वेळ लागतो. आणि सर्व्हर बदलल्यावर वेळ ॲक्च्युअली कमी झालाच नाही. मग आम्ही बघितलं तर बेसिकली प्रॉब्लेम डेटाबेसमधल्या एका क्वेरीचा होता, म्हणजे ॲक्च्युअली ती क्वेरी दर वेळी पूर्ण टेबल वाचत होती. सो बेसिकली आता आपण तिथे इंडेक्स टाकतोय."

तीन ॲक्च्युअली, तीन बेसिकली. एकेक बघू.

पहिला, "तर ॲक्च्युअली". स्लाइड नुकतीच बदललीय, डोक्यात वाक्य अजून जुळलेलं नाही पण तोंड सुरू झालंय. इथे तो शब्द फक्त वेळ काढतोय. त्याच्या जागी कुठलाच शब्द नको, तिथे गप्प राहायचं, तोंड मिटून एक श्वास. बोलणाऱ्याला हा एक सेकंद फार लांब वाटतो, ऐकणाऱ्याला तो जाणवतही नाही कारण तो तेव्हा नवी स्लाइड वाचत असतो.

दुसरा, "कारण बेसिकली". हा वाक्याच्या पोटात आलाय, आणि तो येतो कारण माणसाने "कारण" म्हणून पुढच्या लांब वाक्याचं वचन देऊन टाकलं पण ते वाक्य तयार नव्हतं. इथे थांबायला गेलात तर विचित्र वाटेल, "कारण" म्हणून थांबलेला माणूस विसरल्यासारखा दिसतो. म्हणून इथला इलाज वाक्य तोडणं हा आहे. "आपण सर्व्हर बदलला." संपलं, सूर खाली आणायचा, पूर्णविराम ऐकू आला पाहिजे. मग "कस्टमरची तक्रार होती की". बघा, "कारण" सुद्धा गळून पडलं आणि अर्थ तसाच राहिला.

तिसरा, "वेळ ॲक्च्युअली कमी झालाच नाही". हा ठेवा! हाच तो खरा. सगळ्यांना वाटत होतं सर्व्हर बदलला की काम झालं, आणि तसं झालं नाही, तर इथे ॲक्च्युअली आपलं काम करतोय, आणि त्यावर थोडा जोर देऊन म्हणा. हा पण काढायला गेलात म्हणजे बोलणं कोरडं होणारच.

चौथा, "बेसिकली प्रॉब्लेम डेटाबेसमधल्या एका क्वेरीचा होता". इथे बोलणारा दोन गोष्टी करतोय, एक तर गुंतागुंतीचं सोपं करून सांगतोय आणि दुसरं म्हणजे थोडं अंग राखतोय, की बाबा कुणावर डायरेक्ट बोट नको. दुसरा हेतू असेल तर तो उघड सांगा, "आतापर्यंत जेवढं तपासलं त्यावरून" असं, ते जास्त प्रामाणिक पण आहे आणि पुढे प्रश्न आले तर सोयीचं पण. आणि हेतू फक्त सोपं करून सांगणं असेल तर मराठी क्रियापदच ते करून टाकतं: "प्रॉब्लेम निघाला डेटाबेसमधल्या एका क्वेरीचा". "होता" चं "निघाला" केलं, ते आधी आणलं, आणि शोधून काढल्याची भावना आपोआप आली.

पाचवा, "म्हणजे ॲक्च्युअली", एकावर एक रचलेले दोन. दोन्ही काढा, काही बिघडत नाही. सहावा, "सो बेसिकली", हा निष्कर्षाचा इशारा आहे आणि इशारा हवाच, कारण लोक अर्धवट ऐकत असतात आणि त्यांना कळायला हवं की आता मुद्द्याचं येतंय. त्याला "म्हणून" पुरतं.

आता हेच परत:

"आपण सर्व्हर बदलला. कस्टमरची तक्रार होती की रिपोर्ट उघडायला वेळ लागतो. सर्व्हर बदलला, पण वेळ ॲक्च्युअली कमी झालाच नाही. मग शोधलं, तर प्रॉब्लेम निघाला डेटाबेसमधल्या एका क्वेरीचा, ती दर वेळी अख्खं टेबल वाचत होती. म्हणून आता तिथे इंडेक्स टाकतोय."

सहाचा एक झाला आणि पुस्तकी शब्द एकही आला नाही. मोठ्याने वाचून बघा, सर्व्हर, क्वेरी, इंडेक्स सगळं जागच्या जागी आहे, ते कामाचे शब्द आहेत, त्यांना हात लावायचं काही कारण नाही.

तुमच्या मॅनेजरना जे जाणवलं त्याला माझ्या अंदाजाने आणखी एक कारण असणार, आणि ते शब्दांहून मोठं आहे. तुम्ही "एकदाही म्हणायचं नाही" असं ठरवून उभे राहिलात. असं ठरवलं की अर्धं डोकं स्वतःवर पहारा देत बसतं, मग वेग पडतो, सूर सपाट होतो, हात हलायचे थांबतात. पाठांतरानेही हेच होतं. म्हणून प्रत्यक्ष प्रेझेंटेशनच्या वेळी हे शब्द मोजायचेच नाहीत, ते काम आधीचं. फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा, वाचून नाही, त्याच स्लाइड्सवर मोकळं बोलून, आणि मग ते जसंच्या तसं लिहून काढा, त त प प सकट. कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही, कारण बोलताना हे शब्द आपल्याला ऐकूच येत नाहीत. लिहिलेल्यात प्रत्येक शब्दापुढे खूण करा: वेळ काढला, वाक्य लांबलं, अंग राखलं, की खरा. बहुतेकांचं एकच कारण बाकीच्यांपेक्षा खूप जास्त निघतं, आणि मग फक्त त्याच्यावर काम करायचं.

ज्यांचं "वेळ काढला" जास्त निघतं (माझ्या पाहण्यात बहुतेक जण यातलेच) त्यांच्यासाठी जागा ठरलेल्या असतात: स्लाइड बदलताना, आणि प्रश्नाचं उत्तर सुरू करताना. तर प्रत्येक स्लाइडचे पहिले दोन-तीन शब्द तेवढे पक्के करा, पूर्ण वाक्य पण नाही. "तक्रार अशी होती", "शोधलं तर", "आता पुढचं". सांध्याला हातात काहीतरी असलं की तिथे भरताड शब्द लागत नाही, आणि बाकी सगळं मोकळं सोडल्यामुळे ते तुमच्याच बोलीत येतं.

आणि शब्दाच्या जागी श्वास घेणं हे नुसतं "लक्ष ठेवा" म्हणून जमत नाही, त्याची सवय लावायला लागते. सवय मोडायची एक जुनी पद्धत आहे, ॲझरिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये मांडलेली, मूळ अंगविक्षेप आणि नखं खाण्यासारख्या सवयींसाठी, पण पुढे ती भाषणातल्या अं-अं वर पण वापरली गेली. गाभा साधा आहे: आधी सवय येतेय हे ओळखायला शिकायचं, मग त्या क्षणी अशी कृती करायची जी सवयीसोबत एकाच वेळी होऊच शकत नाही. ओठ मिटून नाकाने श्वास घेताना बेसिकली म्हणता येत नाही, बस एवढंच. याचा सराव रोजच्या फोनवर करा, जिथे चुकलं तरी काही अडत नाही, स्टेजवर नको.

एक गोष्ट मात्र सांभाळा. काही दिवसांनी परत रेकॉर्ड कराल तेव्हा फक्त हे दोन शब्द शोधू नका. बऱ्याचदा ॲक्च्युअली जातो आणि त्याच खुर्चीत "खरं सांगायचं तर", "ओके सो", "राइट?" येऊन बसतात. वाक्याच्या सुरुवातीचा जो शब्द काढला तरी अर्थ बदलत नाही असे सगळे धरा, कुठल्याही भाषेतले. ते कमी झाले नसतील तर नुसती अदलाबदल झालीय, आणि मग परत कारणांकडे बघायचं.

प्रश्नोत्तरांमध्ये हे शब्द जास्त येणार, ते येऊ द्या, तिथे माणूस खरोखर विचार करत असतो आणि समोरच्यालाही ते दिसत असतं. तिथे एवढंच करून बघा, प्रश्न संपला की लगेच तोंड उघडू नका, आधी उत्तराचा शेवट ठरवा, म्हणजे हो, नाही, की अजून माहीत नाही, आणि तोच पहिला शब्द म्हणून बोला. "नाही, या महिन्यात होणार नाही." यात बेसिकलीला शिरायला जागाच नसते. पुढच्या वेळचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग लिहून काढलंत तर इथेच खाली टाका, कामाची नावं वगळून, आपण असंच एकेक शब्द धरून बघू.