चप्पल हुंगणारे मास्तर

बुधवारच्या बाजारात मास्तर चप्पल हुंगत होते, ही बातमी माझ्या आधी माझ्या घरी पोचली. आमच्याकडे फीट आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पल लावायची पद्धत आहे. त्यानं फीट जात नाही, माणसाची अब्रू तेवढी जाते, पण पद्धत आहे. त्यामुळे मी दारात पोचलो तेव्हा बायको फोडलेला कांदा घेऊन उभी, शेजारच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या, आणि सातवीतली दोन पोरं उद्या शाळेला सुट्टी आहे का, एवढंच विचारायला आलेली. मी म्हटलं, अहो, मी चामडं तपासत होतो. काकू म्हणाल्या, "झोपा आता. होते असं उन्हानं."

तर झालं असं की जुनी चप्पल संपली होती आणि नवी घ्यायची होती. बाजारात पिंपळाखाली ताडपत्रीवर ढीग लागला होता आणि विकणारा ओरडत होता, "अस्सल कोल्हापुरी, साडेचारशे!" आता अस्सल कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार आहेत. मास्तर असल्यामुळे हे मला ठाऊक होतं, आणि मास्तर असल्यामुळेच ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंग हे त्यातल्याच एका जिल्ह्यातली हाये." कोणत्या, हे त्यानं सांगितलं नाही.

मी ढिगातली सगळ्यात जाड तळाची जोडी उचलली. आमच्याकडे शेतात बाभळीचा काटा दोन-दोन इंचांचा असतो, म्हणून पातळ तळाची चप्पल कोणी घेत नाही. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि जोडी काढून घेतली. हाताच्या मागे एक धोतरवाले आबाजी होते. ओळख ना पाळख.

"गुरुजी, जाडी पाहून चप्पल घेता? जाड तं पुठ्ठाबी असते."

मी काही बोलायच्या आत त्यांनी चप्पल चवड्याच्या जागी दुमडली. कडकड असा आवाज आला. हात सोडला तरी ती सरळ झाली नाही, तशीच वाकडी राहिली. मग त्यांनी टाचेच्या कडेला अंगठ्याचं नख लावलं. कडेला काळा रंग जाड फासला होता, तो खरवडून निघाला आणि आत वर चामड्याचा पापुद्रा, खाली चामड्याचा पापुद्रा आणि मध्ये माझ्या शाळेतल्या हजेरीपत्रकाच्या पाठीला असतो तसला करडा पुठ्ठा दिसला. नख त्यात सहज रुतलं.

"पयल्या पान्यात फुगते, दुसऱ्यात सुटते," आबाजी म्हणाले. "चामड्याचा तळ वाकवला का बारीक सुरकुती पडते अन् सोडला का वापस जाते. नख रुतत नाई त्यात. कड रंगवली असन तं समजा, आत काईतरी लपवलं हाये."

विकणारा म्हणाला, "आबाजी, घेनं हाये का तुमाले?"

"मले नाई घेनं. गुरुजीले घेनं हाये."

इथून पुढे माझी खरेदी माझी राहिली नाही. आबाजींनी ताडपत्रीवर बैठक मारली आणि एकेक जोडी हातात घेऊन निकाल द्यायला सुरुवात केली. त्यांच्या निकालाला गर्दी जमली. आठवडी बाजारात भांडण नसेल तर गर्दीला एवढंही पुरतं. एक जोडी फार मऊ होती, मला आवडली. आबाजींनी तिची कड खरवडून माझ्या डोळ्यांपुढे धरली. आत निळसर राखाडी झाक होती.

"हे क्रोमचं. कारखान्याचं."

हे मलाही माहीत होतं, पण सांगायची संधी मिळेना. क्रोमियमच्या क्षारात चामडं एक-दोन दिवसांत कमावलं जातं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. क्रोमचं वाईट असतं असं नाही, बुटाच्या वरच्या भागाला ते उत्तमच. पण तळाला लावलं तर लुळं पडतं, पायाचा आकार धरत नाही. मी हे समजावू लागलो तर मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, आंधी आबाजीले बोलू द्या." माझाच माजी विद्यार्थी. आवाजावरून ओळखला.

पुढची जोडी तपकिरी होती. मी कड पाहिली, आतही तपकिरी. मी म्हटलं, ही सालीची. आबाजी हसले. "रंग तं कोनीबी आतपर्यंत मुरवते." मग त्यांनी बोट तोंडात घातलं आणि त्या कापलेल्या कडेवर थुंकी लावली. सालीचं चामडं पाणी लगेच पितं आणि तिथं काळपट डाग उमटतो. वरून पाहायचं नाही, कारण वर पॉलिश असतं, पाणी घसरून जातं. कडेवरच पाहायचं. इथं थुंकी तशीच चमकत राहिली.

"आता तुम्ही पाहा," म्हणून दुसरी जोडी त्यांनी माझ्या हातात दिली. सगळा बाजार पाहतो आहे आणि मी चपलेला थुंकी लावतो आहे. डाग उमटला. पण कडेच्या बरोबर मधोमध एक फिकट, शिंगासारखी कडक रेघ होती.

"कच्चं हाये," आबाजी म्हणाले. सालीचं पाणी चामड्यात दोन्ही बाजूंनी आत शिरतं. घाई करून ते आधीच बाहेर काढलं तर दोन्ही बाजू पिकतात आणि मधला थर कातडंच राहतो. तो पावसात फुगतो, कुजका वास मारतो आणि उन्हात चप्पल पोह्याच्या पापडासारखी वळते. "हुंगा," आबाजी म्हणाले. मी हुंगली. "कसा वास येऊन रायला?" मी म्हटलं, मेलेला. "आता हे हुंगा." या दुसऱ्या चपलेला ओल्या सालीचा तुरट वास होता. "अन् हे?" सोल्युशनचा, डोकं उठवणारा. मी अशा चपला हुंगत असतानाच शेजारच्या काकूंच्या जावेनं मला पाहिलं आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

विकणाऱ्याचा आता संयम संपला होता. त्याचा माल निम्मा खरवडून झाला होता. तो म्हणाला, "साडेचारशेत का मले बैलाचं चामडं बाभळीत पिकवून देनं हाये?" खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. एक तर राज्यात 2015 पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, मिळतं ते बहुतेक म्हशीचं. वर आठवडेच्या आठवडे हौदात ठेवलेलं चामडं, हातानं शिवलेलं, या भावात कोण देणार? पण मग "अस्सल" म्हणून ओरडू नये ना बाबा! पुठ्ठ्याची आहे म्हण, साडेचारशेची आहे म्हण, मी तीही घेतली असती. हुंगायला तरी लागली नसती.

टाक्यांवरून आबाजींचं आणि त्याचं जुंपलं तेव्हा साक्षीदार म्हणून शेजारी बसलेल्या चपला शिवणाऱ्या दादांना बोलावलं. एवढा वेळ ते आरी हातात धरून निमूट ऐकत होते. ज्याला खरोखर कळतं त्याला बाजारात शेवटी विचारायचं, ही आपली रीतच आहे. विचारायचं शेवटी आणि शिलाईचे दहा रुपये देताना घासाघीस करायची सगळ्यात आधी.

त्यांनी चप्पल घेतली, वरचे टाके पाहिले, उलटी केली, खालचे पाहिले आणि खाली टाकेच नव्हते. वर दोरा दिसत होता तो फक्त वरच्या पापुद्र्यातून फिरवलेला, शोभेला. तळ सगळा सोल्युशनवर होता.

"टाका वरून खाली गेला पायजे," ते म्हणाले, "अन् खाली खाचीत बसला पायजे." तळाला आधी बारीक खाच कापतात आणि टाका तिच्यात दाबतात. तसं नसेल तर दोरा रस्त्यावर घासून महिन्याभरात तुटतो. हाताच्या शिलाईत एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा जातो, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. मशीनचा टाका सुटला की उसवत जातो. कोल्हापुरीत तर दोऱ्याऐवजी चामड्याची वादी ओढतात. हे त्यांनी तीन-चार वाक्यांत सांगितलं. आबाजींनी मध्ये बोलायचा प्रयत्न केला, तर दादांनी रापी उचलून नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. सगळ्या बाजारात मला तेवढाच एक क्षण आवडला.

मग दादांनीच ढिगाच्या तळातून एक जोडी ओढून काढली. दिसायला अगदीच गबाळी. रंग एकसारखा नाही, कड रंगवलेली नाही, तळ माझ्या करंगळीपेक्षा पातळ. वाकवली, सरळ झाली. नख लावलं, रुतलं नाही. थुंकी लावली, प्यायली. रेघ नाही. वास तुरट. टाके वर जितके, खाली तितके, खाचीत बसलेले. दोन थर सबंध चामड्याचे. दादा म्हणाले, काटा हिला पार करणार नाही, जाड पुठ्ठ्याला करील. मी पाकीट काढलं. दादांना दहा रुपये दिले. ते नको म्हणत होते, पण दिले.

तेवढ्या वेळात आबाजींनी चप्पल पायात घातली होती.

"बसली न् बाप्पा!" ते म्हणाले आणि विकणाऱ्याच्या हातात चारशे टेकवले. चारशे! माझ्याकडून तो साडेचारशेच्या खाली एक रुपया उतरायला तयार नव्हता. मी म्हटलं, आबाजी, तुम्हाला घ्यायची नव्हती ना? ते म्हणाले, "चांगली कुठं होती तवा?" माझा माजी विद्यार्थी हसला. दहावीला त्याला मीच भूगोलात काठावर पास केला होता.

मी रबरी स्लीपर घेऊन घरी आलो. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत चामडी चप्पल तशीही चालत नाही, चिखल धरून पायाला शेर-शेर वजन होतं, अशी मनाची समजूत घातली. पावसाळा अजून तीन महिने लांब होता, ते सोडा.

परवा एसटी स्टँडवर आबाजी भेटले. चप्पल पायात नव्हती, पिशवीत होती.

"गुरुजी, अंगठ्याले लागते लेकाची. एरंडेल लावलं, सावलीत ठेवली, तरी नाई." मी म्हटलं, सालीचं चामडं आहे, पायाचा आकार धरायला वेळ घेणारच, रोज थोडी थोडी घाला. खरं तर मला आत बरं वाटत होतं.

आबाजींनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग पिशवी पुढे केली.

"तुम्ही दिवसभर वर्गात उभेच रायता ना? पंधरा रोज घाला तुम्ही. सैल झाली का आनून द्या."

"आणि माझ्या पायाचा आकार धरला तर?"

"तं काय," आबाजी म्हणाले, "पन्नास रुपये वर देऊन तुम्हीच ठेवा."