शाळेच्या ट्रस्ट डीडबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

"शाळा काढायचीय? ट्रस्ट डीड ही निव्वळ फॉर्मॅलिटी. नेटवरचा कुठलाही फॉरमॅट उचला, नावं टाका. उद्दिष्टं तीस-चाळीस तरी लिहा, पुढे अडचण येत नाही. विकणं, कर्ज काढणं, सगळे अधिकार विश्वस्तांना देऊन ठेवा. एखादा विश्वस्त गेला की त्याचा मुलगा आपोआप येतो. आणि काही चुकलंच तर नंतर ठराव करून डीड बदलता येतं."

हा मेसेज माझ्याकडे गेल्या महिन्याभरात चार ग्रुपवरून आला, त्यातले दोन ग्रुप तर शाळा चालवणाऱ्यांचेच. मी बरीच वर्षं ट्रस्टच्या फाइली घेऊन चॅरिटी ऑफिसच्या, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाच्या, पायऱ्या चढतोय, त्यामुळे राहवत नाही म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो. सगळं महाराष्ट्राच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याला धरून आहे, दुसऱ्या राज्यात नियम वेगळे असतात.

आधी उद्दिष्टं घेऊ. उद्दिष्टं मोघम ठेवण्याचा धोका जुनाच आहे. 1899 साली मुंबईचंच एक मृत्युपत्र प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वोच्च कोर्टापर्यंत, गेलं होतं, त्यात मालमत्ता "धरम" साठी द्यावी एवढंच लिहिलेलं होतं, आणि धरम म्हणजे नेमकं काय हे कोर्टाला ठरवता येत नाही म्हणून ती देणगीच रद्द झाली. आपल्याकडे 1950 च्या कायद्यात कलम 10 आलं, त्यामुळे आज नुसत्या मोघमपणामुळे सार्वजनिक ट्रस्ट रद्द होत नाही, हे मान्य. पण हा दिलासा फक्त ट्रस्ट टिकण्यापुरता आहे. इन्कम टॅक्सवाला डीड वाचतो ते त्याच्या कायद्याने, आणि तिथे चाळीस उद्दिष्टं नडतात.

कशी ते बघा. 1975 मध्ये सुप्रीम कोर्टाने लोकशिक्षण ट्रस्ट नावाच्या कर्नाटकातल्या ट्रस्टचा निकाल दिला. वर्तमानपत्र आणि नियतकालिकं काढून लोकांना शिक्षित करायचं असं त्यांचं म्हणणं होतं. कोर्ट म्हणालं की करसवलतीसाठी शिक्षण म्हणजे पद्धतशीर शिकवणं, शाळेत होतं तसं, माहिती मिळाली की ते शिक्षण झालं असं नाही. म्हणजे "समाजप्रबोधन करणे, ज्ञानप्रसार करणे" असली वाक्यं डीडमध्ये घातली म्हणून ट्रस्ट शैक्षणिक ठरत नाही. पुढे ऑक्टोबर 2022 मध्ये न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या निकालात कोर्टाने आणखी स्पष्ट सांगितलं की केवळ शिक्षणासाठी असलेल्या संस्थेची जी सवलत आयकर कायद्याच्या कलम 10 खाली होती ती हवी असेल तर संस्थेचं उद्दिष्ट फक्त शिक्षण किंवा शिक्षणाशी निगडित कामच असलं पाहिजे. तुमच्या डीडमध्ये शाळेसोबत गोशाळा, सामुदायिक विवाह, मंगल कार्यालय आणि पतसंस्थेला मदत असं सगळं असेल, आणि प्रत्यक्षात तुम्ही त्यातलं काहीच करत नसाल, तरी डीडवरचं ते वाक्य तुमच्या विरोधात वाचलं जाऊ शकतं. धर्मादाय ट्रस्टच्या साध्या नोंदणीत अनेक उद्दिष्टं चालतात, पण मग तो रस्ता ठरवून धरा, चुकून नको.

अजून एक गोष्ट आपल्याकडे फार होते, आणि ती करणाऱ्यांचा हेतू खरंच चांगला असतो. "आमच्या समाजातील होतकरू मुलामुलींसाठी वसतिगृह व शिष्यवृत्ती" असं उद्दिष्ट टाकतात. आयकर कायद्यात एका विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्या फायद्यासाठी काढलेल्या धर्मादाय ट्रस्टला सूट नाकारली जाते. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीच्या ट्रस्टना मात्र तिथे अपवाद आहे. तेव्हा समाजाचं नाव लिहायच्या आधी सीएला विचारा. बहुतेक वेळा "आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थी, जात-धर्म न पाहता" एवढ्याने काम होतं आणि ज्यांना मदत करायचीय त्यांना ती मिळतेच.

अधिकारांचं थोडक्यात सांगतो कारण इथे वाद घालायला जागाच नाही. 1950 च्या कायद्यातल्या कलम 36 ची सुरुवातच अशी आहे की ट्रस्टच्या दस्तात काहीही लिहिलेलं असलं तरी. जमीन किंवा इमारत विकणं, अदलाबदल करणं, बक्षीस देणं, शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने देणं, हे सगळं धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी घेतल्याशिवाय वैध नाही. ट्रस्टसाठी कर्ज काढायलाही कलम 36 अ प्रमाणे आधी परवानगी लागते. तुमच्या डीडच्या पान पाचवर "विश्वस्तांना विक्रीचा पूर्ण अधिकार राहील" असं जाड अक्षरात असलं तरी खरेदीखताच्या वेळी ते वाक्य कामाला येत नाही. उलट शाळेच्या नवीन खोल्यांसाठी बँकेशी बोलणी पूर्ण करून ठेवली, कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स दिला आणि मग परवानगीचं लक्षात आलं, अशी माणसं मी पाहिली आहेत. डीडमध्ये अधिकार लिहावेतच, पण खरे उपयोगाचे: बँक खातं कोण आणि किती जणांच्या सहीने चालवणार, शिक्षक नेमणार कोण, विश्वस्ताच्या नात्यातल्या माणसाशी व्यवहार असेल तर त्या विश्वस्ताने त्या विषयावर मत द्यायचं नाही.

आता वारसाहक्काकडे येतो, मला खरं यासाठीच लिहायचं होतं.

एका तालुक्याच्या गावातली शाळा, नाव सांगत नाही. विनाअनुदानित, चौदा शिक्षक. डीड गावातल्या टायपिस्टकडून आणलेल्या फॉरमॅटवर. सात विश्वस्त, सगळे आजीव. कलम अकरामध्ये लिहिलेलं, "सभेची गणपूर्ती पाच राहील", आणि कलम चौदामध्ये, "विश्वस्ताच्या पश्चात त्याचे वारसदार विश्वस्त होतील". दोन विश्वस्त आधीच वारले होते, त्यांच्या जागा कोणी भरल्याच नाहीत कारण शाळा व्यवस्थित चालली होती आणि कोणाला गरज वाटली नाही. मग संस्थापक अध्यक्ष गेले. सातातले राहिले चार. गणपूर्ती पाच. म्हणजे ते चारही जण एका खोलीत बसले तरी ती कायदेशीर सभा होत नाही, आणि सभा होत नाही म्हणून नवा विश्वस्त घेता येत नाही, आणि नवा घेतल्याशिवाय पाच होत नाहीत!

त्यात संस्थापकांच्या जागेवर कोण? कलमात "वारसदार" एवढंच. घरात आई, दोन मुलं, एक मुलगी, चौघंही कायद्याने वारस. थोरल्याने त्याच्या नावाचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा अर्ज, चॅरिटी ऑफिसात टाकला, दोन आठवड्यांनी बहिणीने तिचा टाकला, आणि दोघांनी एकमेकांवर हरकती घेतल्या. हरकत आली की चेंज रिपोर्टची चौकशी कोर्टातल्या केससारखी चालते, प्रतिज्ञापत्र, उलटतपास, तारखा. इकडे शेड्युल वनच्या, म्हणजे चॅरिटी ऑफिसातल्या ट्रस्टच्या नोंदीच्या, उताऱ्यावर अध्यक्ष म्हणून वारलेल्या माणसाचंच नाव. बँक खातं अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सहीचं, बँकेने उतारा मागितला आणि व्यवहार थांबवला. तीन महिने शिक्षकांना पगार नाही. एक मॅडम मला ऑफिसच्या बाकावर भेटल्या, हातात त्यांच्या मुलाच्या फीची पावती होती, अर्धी भरलेली, आणि त्या मला विचारत होत्या की डीडमध्ये कुठेच लिहिलेलं नाही का हो असं झालं तर काय करायचं. नव्हतंच लिहिलेलं. शेवटी 1950 च्या कायद्याच्या कलम 47 खाली विश्वस्त नेमण्यासाठी अर्ज करावा लागला, सगळं मार्गी लागायला चौदा महिने गेले.

विश्वस्तपद ही मालमत्ता नाही, ते सातबाऱ्यासारखं वारसांच्या नावावर चढत नाही. ट्रस्टची जमीन, पैसा, फर्निचर यातलं काहीच विश्वस्ताचं नसतं, मग मुलाकडे जाणार काय? डीडमध्ये ठरवून लिहिलं तर घराण्याला एखादी जागा देता येते, ते बेकायदा नाही, पण ते लिहावं लागतं आणि नीट लिहावं लागतं. मी त्या शाळेनंतर जे जे डीड बघतो त्यात साधारण असं घालायला सांगतो:

"विश्वस्तांची संख्या कमीत कमी 5 व जास्तीत जास्त 9 राहील. विश्वस्ताची मुदत 5 वर्षे राहील, फेरनेमणूक होऊ शकेल. मृत्यू, लेखी राजीनामा, लागोपाठ 4 सभांना विनापरवानगी गैरहजेरी किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यास जागा रिक्त होईल. रिक्त जागा उरलेले विश्वस्त 60 दिवसांत बहुमताने भरतील. विश्वस्तांची संख्या गणपूर्तीपेक्षा कमी झाली तरी उरलेल्या विश्वस्तांना केवळ रिक्त जागा भरण्यासाठी सभा घेता येईल. संस्थापकाच्या कुटुंबासाठी एक जागा राहील व त्या जागेवरील विश्वस्त आपल्या हयातीत लेखी नामनिर्देशन करेल, नामनिर्देशन नसल्यास ती जागा उरलेले विश्वस्त भरतील."

यातलं संख्या कमी झाली तरीचं वाक्य आहे ना, त्या एका वाक्याने त्या शाळेचे चौदा महिने वाचले असते. आणि सगळ्यांना आजीव करून टाकायची सवय आता सोडाच, कारण 2025 मध्ये राज्याने आजीव विश्वस्तांच्या संख्येवर मर्यादा आणली आहे आणि नेटवरचे जुने फॉरमॅट त्याच्या आधीचे आहेत.

डीड चांगलं असूनही लोक अडकतात ते चेंज रिपोर्टला. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत कलम 22 प्रमाणे कळवायचं असतं. सभेची नोटीस, ती प्रत्येकाला पोचल्याची सही किंवा पोस्टाची पावती, प्रोसिडिंग बुकात ठराव आणि हजर असलेल्यांच्या सह्या, मृत्यूचा दाखला किंवा राजीनामा, नवीन विश्वस्ताचं संमतीपत्र. सगळ्यात जास्त वेळा कमी पडते ती नोटीस पोचल्याची पावती. सहा वर्षांनी हरकत आली की तेव्हा कोणालाच आठवत नाही नोटीस कशी दिली होती.

राहिला ठराव करून बदलण्याचा मुद्दा. एकदा ट्रस्ट झाला की संस्थापकाचाही त्यावर मालकासारखा हक्क राहत नाही. डीडमध्ये दुरुस्तीचा अधिकार राखून ठेवला असेल तर कारभाराच्या बाबी, म्हणजे सभेची पद्धत, पदाधिकारी, मुदत, त्या चौकटीत बदलता येतात आणि तेही चॅरिटी ऑफिसला कळवून. तसा अधिकारच डीडमध्ये नसेल तर त्याच कायद्याच्या कलम 50 अ खाली ट्रस्टच्या कारभाराची योजना मंजूर करून घ्यावी लागते, त्यासाठी ट्रस्टशी हितसंबंध असलेल्या किमान दोघांना अर्ज करता येतो, आणि ते ठरावाइतकं सोपं आणि लवकर होत नाही. उद्दिष्टांना हात लावला तर इन्कम टॅक्सकडेही जावं लागतं, नोंदणीच्या वेळच्या अटींशी न जुळणारा बदल केला तर 30 दिवसांत नव्याने अर्ज करायचा असतो, आणि ही तारीख बहुतेकांना ऑडिटच्या वेळीच कळते.

ज्यांचं डीड आधीच झालंय त्यांनी आज कपाटातून ते काढून फक्त तीन ठिकाणी बघा: गणपूर्तीचा आकडा, रिक्त जागा कोण भरणार ते कलम, आणि दुरुस्तीचं कलम. मग शेड्युल वनचा ताजा उतारा काढून त्यावरची नावं आणि प्रत्यक्ष सभेला येणारी माणसं ताडून पाहा. नावं जुळत नसतील तर आत्ता, सगळे हयात आणि एकमेकांशी बोलत असताना, राहिलेले चेंज रिपोर्ट भरून टाका, उशीर झालेला असेल तर उशीर माफीच्या अर्जासकट.