वरील आकृतीत म्हणे

रात्री साडेदहाला भाच्याचा मेसेज येतो, "मामा, वरील आकृतीत A, B, C, D हे बिंदू वर्तुळावर आहेत, ∠ABC = 50° तर ∠ADC किती? उद्या टेस्ट आहे." तुम्ही वर बघता, तर वर फक्त गेल्या आठवड्याचं गुड मॉर्निंग, गुलाबासकट.

आता आकृती मागायची नाही हं, आपली इज्जत जाते. "50, एकाच कंसातले कोन" असं ठणकावून पाठवायचं आणि फोन उलटा ठेवायचा. हे उत्तर बरोबरसुद्धा असू शकतं बरं का, B आणि D दोघं जीवा AC च्या एकाच बाजूला असले तर. दोघं दोन बाजूंना बसले असतील तर चक्रीय चौकोन होतो, समोरासमोरच्या कोनांची बेरीज 180, म्हणजे उत्तर 130. पण एवढा विचार करत बसलात तर मामा कसले तुम्ही!

फारच शंका आली तर स्वतःच आकृती काढा, वाटीभोवती पेन फिरवून. इथे हमखास काय होतं, तर छान दिसावं म्हणून तुम्ही AC बरोब्बर मधून नेता, वर B, खाली D, एकदम पतंग. मग AC व्यास झाला ना राव, आणि व्यासासमोरचा कोन 90 असतो, दिलाय 50. पण पतंग सुंदर आलाय, खोडू नका.

काही भित्रे लोक काय करतात, एकच प्रश्न विचारतात, "वर्तुळावरून फिरताना अक्षरं कुठल्या क्रमाने येतात रे?" भाचा म्हणाला A, B, C, D तर 130, A, B, D, C म्हणाला तर 50, आकृतीची गरजच नाही. किंवा विचारतात की प्रश्नात कुठे "चौकोन ABCD" असं लिहिलंय का, कारण चौकोनाचं नावच क्रमाने वाचतात, तेवढ्यावर 130 पक्कं. आणि भाचा झोपला असेल तर दोन्ही उत्तरं कोणती कधी ते लिहून पाठवून देतात आणि स्वतःही झोपतात. असल्या लोकांना फॅमिली ग्रुपवर काही किंमत नसते, कारण त्यांचं भांडण कधी होतच नाही.

तुम्ही मात्र 50 वर ठाम रहा. भाचा लिहील "मागे उत्तर 130 दिलंय", तुम्ही लिहा "पुस्तकात छपाईची चूक असेल". मग ताई मध्ये पडेल, तिला दहावीत गणितात किती होते ते निघेल, तुम्हाला किती होते तेही निघेल.

शेवटी साडेअकराला आकृतीचा फोटो येतो. वर्तुळ आहे, A आहे, B आहे, C पण दिसतोय, आणि D जिथे असायला हवा तिथे भाच्याचा अंगठा. खाली मेसेज, "आता तरी सांगा."